गुप्त भेटींचे रिंगण: चौदा जणांची सोडत, रक्कम आणि तारीख

"आदरणीय ताई, पिंपरीतल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात मी काम करते. आम्ही एकूण १४ जण आहोत. त्यांतले दोघे नागपूरच्या आणि एक जण कोल्हापूरच्या शाखेत बसतो. दर डिसेंबरात आम्ही 'सीक्रेट सांता' करतो. गेल्या वर्षी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या तेव्हा दोघांना स्वतःचेच नाव आले. कोणाला ८० रुपयांचा मग मिळाला, तर कोणाला १,५०० रुपयांचे हेडफोन. आमच्या शिकाऊ मुलीला तर काहीच मिळाले नाही, कारण तिला भेट देणारा त्या आठवड्यात रजेवर गेला होता. विभागात एक नवरा-बायकोही आहेत आणि साहेबही भाग घेतात. या वर्षी हे काम माझ्याकडे आले आहे. रक्कम किती ठेवू, चिठ्ठ्या कशा काढू आणि तारीख कोणती ठरवू? मलाही यात भाग घ्यायचा आहे."
— एक वाचक, पिंपरी

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मी सोडतीचा प्रश्न आधी घेते, कारण ती नीट झाली तर बाकीच्या बऱ्याच अडचणी आपोआप सोप्या होतात. गेल्या वर्षी जे घडले त्यात कोणाची चूक नव्हती. डब्यातून सर्वांनी एकेक चिठ्ठी काढली, तर निदान एकाला तरी स्वतःचे नाव येण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ६३ असते, आणि माणसे १४ असोत की ४०, हा आकडा जवळपास तसाच राहतो. "स्वतःचे नाव आले तर चिठ्ठी परत टाकून दुसरी काढा" हा नेहमीचा उपायही पुरा पडत नाही. चिठ्ठी परत टाकणारा सर्वांना दिसतो, आणि डब्यात शेवटी उरलेली एकच चिठ्ठी शेवटच्या माणसाच्याच नावाची निघाली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मी नोकरीत असताना आमच्या कार्यालयात हे असेच घडले होते. तोपर्यंत चार-पाच जणांनी आपल्याला आलेले नाव शेजाऱ्याला सांगून टाकले होते, त्यामुळे दुसऱ्या सोडतीत कोणाला काय आले नाही, हेही सर्वांना कळले.

म्हणून डबा बाजूला ठेवा आणि रिंगण करा. १४ नावे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सारख्या पुठ्ठ्यांवर लिहायची, पालथी घालून चांगली पिसायची, मग टेबलावर गोल मांडून उलटायची. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताच्या नावाला भेट द्यायची. गोलात कोणीही स्वतःचाच शेजारी नसतो, त्यामुळे स्वतःचे नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय डब्याच्या सोडतीत कधी कधी दोघांना परस्परांचीच नावे येतात आणि त्या दोघांची वेगळीच देवाणघेवाण होऊन बसते, तेही इथे टळते. रिंगणाला एक छोटी मर्यादा आहे, ती माहीत असावी. मी जिला भेट देणार आहे ती मला देणारी नाही, एवढे प्रत्येकाला कळते. मात्र बाकीच्या १२ जणांपैकी कोणीही आपल्याला देणारा असू शकतो, आणि गुपित टिकायला तेवढे पुरेसे आहे.

हे पुठ्ठे तुम्ही मांडायचे नाहीत, कारण तुम्हीही भाग घेणार आहात. खेळात नसलेली, पण सर्वांचा विश्वास असलेली एक व्यक्ती निवडा. तुमच्या इमारतीत स्वागतकक्षात बसणारी व्यक्ती या कामाला सर्वांत योग्य ठरेल, असे मला वाटते, कारण पुढे भेटवस्तूही तिच्याकडेच जमा करायच्या आहेत. तिला अर्ध्या तासाचे काम आहे, ते आधी विचारून आणि तिची सवड पाहून द्या.

नवरा-बायकोच्या बाबतीत आधी त्या दोघांनाच विचारा, कारण काहींना एकमेकांचे नाव आले तर काहीच वाटत नाही. ते नको म्हणाले, तर स्वागतकक्षातल्या बाईंना इतकेच पाहायचे आहे की गोलात ती दोन नावे शेजारी आलेली नाहीत. १४ जणांच्या गोलात ती शेजारी येण्याचा प्रसंग सहा-सात वेळांत एकदा येतो. तसे झाले तर दोन पुठ्ठ्यांची जागा हाताने बदलू नये. सगळे पुठ्ठे गोळा करून पुन्हा पिसावेत. हाताने बदल केला की कोणाला कोणाशेजारी ठेवायचे ही निवड एका माणसाची होते, आणि सोडतीत कोणाचीही निवड असू नये.

साहेबांसाठी मात्र वेगळा नियम करू नका. विभागातले सगळेच त्यांच्या हाताखाली आहेत, त्यामुळे "कनिष्ठाने वरिष्ठाला द्यायचे नाही" असे ठरवले तर त्यांना देणारा कोणीच उरणार नाही. साहेबांचे नाव ज्याला येईल त्याच्यावर दडपण येते, हे खरे आहे. त्यावरचा उपाय रकमेच्या नियमात आहे, तो पुढे सांगते. "गेल्या वर्षीची जोडी पुन्हा नको" हाही नियम मी ठेवणार नाही. नियम जितके जास्त, तितकी प्रत्येकाच्या वाट्याची नावे कमी होतात आणि तितका अंदाज बांधणे सोपे होते.

गोल पक्का झाला की बाईंनी तो क्रमाने एका कागदावर उतरवून पाकिटात बंद करावा. त्याचा फोटो काढू नये, कारण फोटो चुकून कोणत्या ग्रुपवर जाईल याचा नेम नसतो. मग १४ लिफाफे करायचे: वर देणाऱ्याचे नाव, आत घेणाऱ्याचे. लिफाफे चिकटवण्याआधी एक पडताळणी जरूर करावी. कोणताही एक लिफाफा घ्यावा, आत ज्याचे नाव आहे त्याचा लिफाफा उचलावा, त्याच्या आतल्या नावाचा पुढचा, असे करत जावे. नेमक्या चौदाव्या लिफाफ्यात पहिल्या माणसाचे नाव निघाले पाहिजे. ते त्याआधीच निघाले, तर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे हे नक्की, कारण दोन चिठ्ठ्या बदलल्या की एका रिंगणाची दोन रिंगणे होतात. नागपूर आणि कोल्हापूरच्या मंडळींना बाईंनी स्वतःच्या फोनवरून वेगवेगळा निरोप द्यावा.

बाईंना संगणकावर करणे सोयीचे वाटत असेल तर गूगल शीट्समध्ये पहिल्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून १४ नावे लिहून बाजूला हे सूत्र घालावे:

```
=SORT(A2:A15, RANDARRAY(14,1), TRUE)
```

यातून मिळणारी यादी वरून खाली वाचायची, प्रत्येकाने आपल्या खालच्या नावाला द्यायचे आणि शेवटच्याने पहिल्याला. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. शीटमध्ये कुठेही काही टंकले की हे सूत्र पुन्हा चालते आणि क्रम बदलतो. म्हणून क्रम आला की लगेच तो कॉपी करून Ctrl+Shift+V ने फक्त नावे दुसरीकडे चिकटवावीत आणि मगच लिफाफे भरावेत. हे न केल्यास अर्धे लिफाफे एका क्रमाचे आणि अर्धे दुसऱ्या क्रमाचे भरले जातात.

रिंगणाचा सर्वांत मोठा उपयोग कोणी मध्येच गळाले तर दिसतो. समजा, गोलात सातव्या जागेवरचा माणूस नोकरी सोडून गेला. सहावा त्याला देणार होता आणि तो आठव्याला. आता सहाव्याने आठव्याला द्यायचे. निरोप फक्त सहाव्याला द्यावा लागतो, बाकीच्या कोणालाही काही कळत नाही आणि काही बदलत नाही. डब्याच्या सोडतीत हेच घडले असते, तर कोणाकडे त्याचे नाव होते याची सर्वांसमोर चौकशी करावी लागली असती. नवीन माणूस आला तरी रीत तीच: १ ते १४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि त्या जागेनंतर नव्या माणसाला रिंगणात घ्यायचे. हे सगळे खरेदीच्या आधीच शक्य आहे, म्हणून माघार घेण्याची एक शेवटची तारीख हवी. तोपर्यंत कोणीही कारण न सांगता बाईंना कळवून बाहेर पडू शकेल. त्यानंतर मात्र माणूस रजेवर असो की नोकरी सोडून गेलेला असो, त्याने भेट जमा केलीच पाहिजे, आणि त्याच्या नावाची आलेली भेट त्याच्या घरी पोहोचवली जाईल. तुमच्या शिकाऊ मुलीवर गेल्या वर्षी आलेला प्रसंग टाळण्यासाठी हा नियम लेखी असणे मला फार गरजेचे वाटते.

आता रकमेबद्दल. सर्वांना एकत्र बसवून "किती ठेवायची?" असे विचारू नका, कारण ज्याला कमी हवी असते तो अशा वेळी बोलत नाही. प्रत्येकाकडून नाव नसलेली एक चिठ्ठी घ्या, आणि तिच्यावर फार विचार न करता सहज खर्च करता येईल अशी जास्तीत जास्त रक्कम लिहायला सांगा. बाहेरगावच्या तिघांची रक्कम बाईंनी फोनवर विचारून तशाच चिठ्ठ्यांवर लिहावी. समजा, चिठ्ठ्या अशा आल्या: एक ३०० रुपयांची, दोन ४०० च्या, सहा ५०० च्या, दोन ७०० च्या आणि तीन १,००० च्या. सरासरी सुमारे ६०७ रुपये निघते. ती न्याय्य वाटते खरी, पण ६०७ रुपये ठेवले तर १४ पैकी ९ जणांना स्वतः लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करावा लागेल. सर्वांत जास्त जणांनी लिहिलेली ५०० ची रक्कम ठेवली तरी तिघांवर ओझे येते, आणि ते तिघे बहुधा शिकाऊ, कंत्राटी किंवा घरची जबाबदारी जास्त असलेले असतात. माझे मत स्पष्ट आहे: सर्वांत कमी आलेली रक्कम हीच वरची मर्यादा ठेवावी. इथे ती ३०० रुपये. ३०० रुपयांत चांगले पुस्तक येते, कुंडीसकट रोप येते, चहाचे दोन उत्तम पुडे येतात. ज्याला १,००० खर्च करायचे होते, त्याचे ३०० मध्ये काहीही बिघडत नाही.

वरच्या मर्यादेइतकीच खालचीही महत्त्वाची आहे, नाहीतर ८० रुपयांचा मग पुन्हा येईल. म्हणून "२५० ते ३०० रुपये" असा अरुंद पट्टा जाहीर करा. रक्कम म्हणजे प्रत्यक्ष मोजलेले पैसे, छापील किंमत नव्हे, हेही त्याच सूचनेत लिहा. आपल्याकडे बहुतेक पाकीटबंद वस्तूंवर किंमत छापलेली असते आणि सवलतीत २९० ला मिळालेल्या वस्तूवर ९९९ छापलेले असू शकते. हे आधी सांगितले नाही, तर घेणाऱ्याला वाटते की समोरच्याने नियम मोडला, आणि त्याला स्वतःची भेट उगाच कमी वाटू लागते. वेष्टनाचा खर्च या रकमेत धरू नये. हाताने केलेल्या वस्तूला खालची मर्यादा लावू नये. कोणी घरी विणलेला रुमाल किंवा डबाभर चिवडा दिला, तर त्याच्या साहित्याचा हिशेब कोण मागणार? रोख रक्कम आणि भेटकार्ड मात्र नको, कारण त्यात नेमका आकडाच हातात पडतो.

साहेबांचे नाव ज्याला येईल त्याचे दडपण याच पट्ट्याने कमी होते. ३०० च्या वर कोणालाही जाता येत नाही, साहेबांसाठीही नाही, हे साहेबांनी स्वतः पहिल्या दिवशी सर्वांना सांगितले तर फार बरे. रक्कम ठरवण्याचे काम मात्र त्यांच्याकडे देऊ नका. त्यांनी सहज ५०० म्हटले, तर त्याला नाही म्हणणारे तुमच्या विभागात कोणी नसेल.

भेट निवडणाऱ्याला थोडी मदत म्हणून प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घ्या: काय आवडते आणि काय नको. या ओळींचा कागद त्या व्यक्तीच्या नावाबरोबर लिफाफ्यात जाईल. दुसरी ओळ जास्त उपयोगी पडते. डिसेंबरात बाजारात केक भरपूर असतात आणि त्यांत बहुधा अंडे असते. कोणी जैन असते, कोणाचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला अत्तराच्या वासाने डोके दुखते. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि देणाऱ्याने विचारले तर गुपित फुटते.

तारीख ठरवताना तुम्ही लेखा विभागात आहात हे विसरून चालणार नाही. डिसेंबरात ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीचे पहिले विवरणपत्र, १५ ला आगाऊ कराचा हप्ता आणि २० ला जीएसटीआर-३बी असते. २५ ला नाताळची सुट्टी, आणि बरेच जण २४ पासूनच रजा टाकतात. या सगळ्यात मोकळी जागा २२ डिसेंबरच्या आसपास आहे. आधी रजेचे वेळापत्रक पाहा आणि सर्वांत जास्त माणसे हजर असतील तो दिवस धरा. २२ डिसेंबर धरला, तर बाकीच्या तारखा तिथून उलट मोजायच्या.

सोडत २७ नोव्हेंबरला करावी. त्यानंतर महिनाअखेरीचा पगार येतो आणि खरेदी पगारानंतर होते. शिकाऊ मुलांना याचा फार फरक पडतो. माघार घेण्याची शेवटची तारीख ४ डिसेंबर. नागपूर-कोल्हापूरच्या तिघांसाठी असलेल्या भेटी १० डिसेंबरपर्यंत स्वागतकक्षात आल्या पाहिजेत, म्हणजे ११ ला त्या निघतील आणि कुरिअरला उशीर झाला तरी हातात दिवस राहतील. ज्यांना हे तीन जण आले आहेत, त्यांच्या लिफाफ्यात ही अलीकडची तारीख बाईंनी वेगळी लिहावी. बाकी सर्व भेटी १७ डिसेंबरपर्यंत जमा व्हाव्यात. १७ ते २२ हे पाच दिवस मी मुद्दाम ठेवले आहेत, कारण जमा करण्याचा आणि उघडण्याचा दिवस एकच असला, तर कोणाची भेट आली नाही हे सर्वांसमोर कळते आणि तोवर काही करता येत नाही. १७ च्या संध्याकाळी बाई यादी पाहतील आणि ज्याची भेट आलेली नाही फक्त त्यालाच फोन करतील. २१ पर्यंतही ती आली नाही, तर त्याच किमतीची आधी आणून ठेवलेली एक साधी, कोणालाही चालेल अशी भेट त्या नावाने लावावी आणि ज्याची राहिली त्याने पैसे नंतर भरावेत. ही राखीव वस्तू आणि तीन पार्सलांचा खर्च विभागाच्या किरकोळ खर्चातून होऊ शकेल का, हे साहेबांना आधीच विचारून घ्या.

बाहेरगावी पाठवायच्या भेटी देणाऱ्याने परस्पर पाठवू नयेत. कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचे नाव असते आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या बिलावर खरेदीदाराचे, त्यामुळे खोका उघडण्याआधीच गुपित उघडे होते. तिन्ही पार्सले बाईंच्या नावाने कार्यालयातूनच जावीत. त्याचप्रमाणे बाहेरगावच्या तिघांनी आपापल्या भेटी कार्यालयाच्या पत्त्यावर बाईंच्या नावाने मागवाव्यात आणि ती कोणासाठी आहे हे त्यांना कळवावे. त्यांच्यापैकी कोणाला बाहेरगावचेच नाव आले असेल, तर त्याची वस्तू १० तारखेच्या आत पोहोचेल अशी मागवावी लागेल. बिल बाजूला काढून वेष्टन घालण्याचे काम बाईंकडेच राहील. भेटीवर फक्त घेणाऱ्याचे नाव असावे, तेही बाईंच्याच अक्षरात, कारण वर्षभर एकमेकांच्या नोंदी तपासणाऱ्या तुमच्या विभागात अक्षर ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही.

२२ तारखेला नागपूर आणि कोल्हापूर व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्यांना आपली पार्सले तोपर्यंत न उघडता ठेवायला सांगा. सगळ्यांनी एकदम भेटी उघडू नयेत. एकाने उघडावी, ती देणाऱ्याने उभे राहून आपण दिली असे सांगावे आणि मग त्याने स्वतःची उघडावी. मग त्याला देणारा उभा राहील. असे करत रिंगण उलट दिशेने फिरत जाते आणि कोणीही मध्ये सुटत नाही. सुरुवात त्या शिकाऊ मुलीपासून करा. तिची भेट सर्वांत आधी उघडली जाईल, आणि सगळ्यांच्या झाल्यावर चौदावी जी उघडली जाईल, ती तिने दिलेली असेल.